सहा वर्षांनी त्याचा फोन आला

“मॅडम, सहा वर्षांपूर्वी आमचं तुटलं. आता तो म्हणतोय, पुन्हा सुरू करू. मलाही तो आठवतो. हो म्हणू का?”

घाईने उत्तर देऊ नका. त्याला सांगा, मला दीड-दोन महिने हवेत.

पुण्यातल्या एका तेहतीस वर्षांच्या मुलीला मी हेच सांगितलं होतं (ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत). त्याच्याबद्दल आठवेल ते लिहून आण, म्हटलं. तिने दोन पानं आणली. सिंहगडावरचं पिठलं-भाकरी, पावसातली बाइक, त्याचं हसणं. भांडण एकही नव्हतं. त्यात तिचा खोटेपणा नव्हता. काळ गेला की कडू आठवणींची धार बहुधा गोड आठवणींच्या आधी बोथट होते.

मग मी शेवटच्या भांडणाबद्दल विचारलं. वार कुठला होता? आधी कोण काय बोललं? ती बराच वेळ गप्प बसली. वडिलांचं ऑपरेशन होतं. ‘रविवारी येऊ शकणार नाही’ एवढंच ती म्हणाली, आणि त्याने नऊ दिवस अबोला धरला. हॉस्पिटलच्या जिन्यात बसून ती त्याला फोन लावत राहिली. असे अबोले आधीही झाले होते. तुटण्याचं कारण ती ‘घरच्यांचा विरोध’ असं सांगत आली होती. खरं कारण हे होतं.

आता प्रश्न नेमका झाला: नाराज झाल्यावर तो आता काय करतो? ‘मी बदललोय’ या वाक्यातून ते कळत नाही. कॅफेतल्या गोड भेटींतूनही नाही, कारण तिथे नाराजीची वेळच येत नाही. म्हणून ती त्याला दिवसा, साध्या कामांच्या निमित्ताने भेटू लागली. रात्रीचे लांबलचक फोन बंद केले. त्या फोननंतर दुसऱ्या दिवशी तिला सगळंच सोपं वाटायचं, आणि तेवढ्यावर निर्णय व्हावा असं मला वाटत नव्हतं.

चौथ्या आठवड्यात ऑफिसच्या कामामुळे तिला भेट रद्द करावी लागली. तो चिडला, पण संध्याकाळी स्वतःहून फोन केला. मला बरं वाटलं. तरी मी म्हटलं, त्या नऊ दिवसांबद्दल विचार. आपण काय केलं हे त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येतं का, ते ऐक. “तू हट्टी होतीस म्हणून” एवढंच आलं, तर थांब.

(मारहाण, धमक्या, पाळत असं काही पूर्वी झालं असेल, तर यातलं काहीही करून पाहू नका. तिथे भेटायचंच नाही.)

तिने विचारलं. तो म्हणाला, “ऑपरेशन? कुणाचं?”

ती माझ्यासमोर खूप रडली. आठवड्याने तिने त्याला नकार कळवला. “आता रात्री दोनला फोन बघत नाही,” ती म्हणाली, आणि पुढची अपॉइंटमेंट वडिलांबद्दल बोलायला मागितली.