कोटेशनमधले हप्ते आणि कॅन्सलेशनचा तक्ता एकत्र वाचा

प्रश्न: "हनिमून पॅकेजचं कोटेशन मेलवर आलंय. दोन हॉटेलं, ६ रात्री, २० डिसेंबरला निघायचं. बुकिंगला २५ टक्के, ५ नोव्हेंबरपर्यंत ५० टक्के, ५ डिसेंबरपर्यंत उरलेले २५ टक्के. रद्द केल्यास ४५ किंवा जास्त दिवस आधी २५ टक्के कपात, ४४ ते ३० दिवसांत ५० टक्के, त्यानंतर १०० टक्के. कॅंडललाइट डिनर, स्पा, बोट राइड ऐच्छिक. हो कळवण्याआधी काय बघू?"

आधी दोन्ही तक्ते एकाच कागदावर, तारखा घालून लिहून काढा. मेलमध्ये हप्ते तारखेने दिलेत आणि कपात दिवसांनी, म्हणून त्यांचा संबंध चटकन दिसत नाही. २० डिसेंबरच्या ४५ दिवस आधी येते ५ नोव्हेंबर, म्हणजे दुसऱ्या हप्त्याचीच तारीख. जाण्याबद्दल काही शंका असेल तर त्या दिवसापर्यंतच ती मिटवा. तोवर रद्द केलं तर भरलेले २५ टक्के जातात, त्याहून जास्त नाही. ६ नोव्हेंबरला कपात ५० टक्के होते. तेव्हा तुमचे ७५ टक्के त्यांच्याकडे असतील, म्हणजे २५ टक्के परत मागावे लागतील. ते किती दिवसांत मिळतील हे कोटेशनमध्ये सहसा नसतं, विचारून घ्या. २१ नोव्हेंबरपासून कपात १०० टक्के. भरलेले ७५ तर जातातच, पण न भरलेल्या २५ टक्क्यांवरही एजन्सी हक्क सांगू शकते, कारण टक्केवारी भरलेल्या रकमेवर नसून बहुधा पॅकेजच्या एकूण किमतीवर असते. तुमच्या मेलमध्ये ती कशावर आहे, हे एका वाक्यात लिहून मागा.

विमानभाडं पॅकेजमध्ये असेल तर हा तक्ता त्याला लागू आहे का, तेही विचारा. परत न मिळणारं तिकीट असेल तर ते निघालं त्याच दिवशी त्याचे पैसे अडकतात, मग तक्ता काहीही म्हणो. तिकिटावरचं नाव पासपोर्टवर किंवा प्रवासात दाखवायच्या ओळखपत्रावर असेल तेच हवं. लग्नानंतर नाव बदलणार असाल तर बदल परतल्यावर करा. दुरुस्तीला शुल्क लागतं आणि काही भाड्यांवर ती होतच नाही.

आता समावेश. "किंवा तत्सम" हे दोन शब्द हॉटेलच्या नावापुढे असतील, तर पहिल्या हप्त्यानंतर हॉटेल बदलू शकतं. खोलीचा प्रकारही त्यासोबत लिहून घ्या, कारण त्याच हॉटेलात बागेकडची आणि समुद्राकडची खोली यांत मोठा फरक असतो. "ट्विन शेअरिंग" हा माणशी दराचा हिशेब आहे, पलंगाचा नव्हे. डबल बेड हवा असं वेगळं लिहा, नाहीतर दोन सुटे पलंग मिळायची शक्यता राहते. फुलांची सजावट आणि केक असे "हनिमून स्पेशल" लाभ कित्येकदा हॉटेलच देतं, ठरावीक रात्री राहिल्यास आणि लग्नाचा पुरावा दाखवल्यास. ते कोणत्या हॉटेलात, कोणत्या रात्री, आणि पुरावा काय लागेल, हे विचारा. तुम्ही रात्री उशिरा पोचणार असाल तर सजावट दुसऱ्या दिवशी घ्या.

ऐच्छिक गोष्टींवर लोक दराची घासाघीस करतात, पण माझ्या मते त्या एकूण किमतीत मिसळू नयेत हे जास्त महत्त्वाचं. मिसळल्या की स्पा आणि बोट राइडवरही तीच ५० किंवा १०० टक्के कपात लागते. वेगळी ओळ, वेगळी रक्कम आणि शेवटच्या हप्त्यासोबत भरणा, असं ठरवा. दर माणशी की जोडप्याचा, तेही स्पष्ट करून घ्या. बोट राइड हवामानामुळे रद्द झाली तर पैसे परत की दुसरा दिवस, हेही आताच विचारलेलं बरं.

दुसरा हप्ता भरण्याच्या २-३ दिवस आधी दोन्ही हॉटेलांचे कन्फर्मेशन नंबर मागा. एजन्सीच्या व्हाउचरवरचा तिचा स्वतःचा क्रमांक पुरेसा नाही. हॉटेलला थेट फोन करून तुमच्या नावाने, त्या तारखांना, त्या प्रकारची खोली आहे का ते विचारा. "आमच्याकडे असं बुकिंग नाही" असं उत्तर आलं तर एजन्सीकडून लेखी खुलासा येईपर्यंत हप्ता थांबवा, पण भरायचं की रद्द करायचं हा निर्णय ५ नोव्हेंबर उलटण्याआधी घ्या.

उत्तराचा मेल असा पाठवता येईल:

"कोटेशन मिळालं. बुकिंगआधी पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात: दोन्ही हॉटेलांची नक्की नावं आणि खोलीचा प्रकार, डबल बेडसह, कपातीची टक्केवारी कोणत्या रकमेवर, विमान तिकिटाचे वेगळे नियम, परतावा किती दिवसांत, ऐच्छिक सेवांच्या रकमा वेगळ्या. कर धरून अंतिम आकडा आणि हा दर किती तारखेपर्यंत लागू, तेही कळवावं."

फोनवर उत्तर आलं तर तेच मुद्दे लिहून त्यांना परत मेल करा आणि "बरोबर आहे" एवढं उत्तर आल्यावरच पहिले २५ टक्के भरा.