वहिनींना प्रश्न विचारू नका, पानाचा फोटो मागा

*"पुतण्या दहावीला आहे. त्याचा गणिताचा होमवर्क वहिनी ऑफिसमधून फोनवर सांगतात. मी उलट काही विचारलं की म्हणतात, 'भाऊजी, मला काय माहीत, त्यानं सांगितलं तेच सांगतेय.' मग मी अंदाजानं सोडवतो आणि चुकतं. नेमकं काय विचारू? – इंदूर"*

दादा, तुमची पोस्ट वाचून आमच्याच घरचं कोणी लिहिलंय असं वाटलं. मीही इंदूरचीच, रामबागेतली. शिक्षिका नाही, अकाउंट्समध्ये नोकरी करते, त्यामुळे शिकवायच्या पद्धतीबद्दल माझं ऐकू नका. पण ताईकडून भाच्याचे प्रश्न घेत घेत बरीच वर्षं काढली आहेत, त्यावरून सांगते.

वहिनींना गणितातलं काहीही विचारू नका. त्यांच्यापुढे पुस्तकच नाही, तर त्या काय सांगणार? त्यांना फक्त दोन गोष्टी विचारा: पुस्तक आत्ता कोणाजवळ आहे, आणि कधीपर्यंत द्यायचंय. ही उत्तरं त्यांच्याकडे नक्की असतात. बाकी सगळं पानावरून घ्यायचं.

का, ते एका उदाहरणावरून सांगते. भाचा आठवीत होता. ताईनं ऑफिसातून फोन केला, "लिही, दो एक्स प्लस तीन बटा पाँच बराबर सात. एक्स काढायचाय." आता यात भागाकाराची रेघ कुठून कुठपर्यंत आहे? ती 2x + 3 या सगळ्याखाली असेल तर (2x + 3)/5 = 7, म्हणजे 2x + 3 = 35 आणि x = 16. ती फक्त 3 खाली असेल तर 2x + 3/5 = 7, म्हणजे 2x = 32/5 आणि x = 16/5. दोन्ही गणितं नीट सुटतात, म्हणून उत्तर पाहून काही बिनसलंय हे कळतच नाही. मी ताईला विचारलं, "रेघ कुठपर्यंत आहे?" ती म्हणाली, "कुठली रेघ गं?" तिनं पान पाहिलंच नव्हतं, मुलानं पाठवलेला आवाज ऐकून ती मला सांगत होती. शेवटी आईला सांगून पानाचा फोटो मागवला. रेघ पूर्ण होती, पाच मिनिटांत काम झालं.

माझ्या मते "त्यालाच नीट विचारून सांगा" हे सगळ्यात निरुपयोगी वाक्य आहे. मुलगा घाईत पुन्हा तेच वाचतो, आई पुन्हा तेच सांगते, आणि आपल्याला वाटतं आता खात्री झाली.

पुतण्या दहावीला आहे म्हणून आता जे सांगते ते जरा नीट वाचा. नुसता प्रश्नावलीचा क्रमांक सांगितला तर तो घेऊन बसू नका. आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला तो यातच. भाचा दहावीत होता तेव्हाची गोष्ट, शाळेचं नाव घेत नाही. त्यांच्या ग्रुपवर फक्त अॅडमिन लिहू शकतात, पालक नाही. रात्री मेसेज आला: "प्रश्नावली 3.3, प्र. 1, कल टेस्ट." ताईनं मला एवढंच कळवलं. घरी मोठ्या चुलतभावाचं जुनं पुस्तक होतं. एनसीईआरटीनं 2022-23 साठी अभ्यासक्रम कमी केला, आणि त्यानंतरच्या छपाईत दोन चलांच्या समीकरणांच्या धड्यातले क्रमांक सरकले. जुन्या पुस्तकात 3.3 म्हणजे प्रतिस्थापन, पहिलं उदाहरण x + y = 14, x − y = 4. नव्या पुस्तकात 3.3 मध्ये विलोपन येतं, पहिलं उदाहरण x + y = 5, 2x − 3y = 4. मी त्या रात्री भाच्याकडून प्रतिस्थापन करून घेतलं. टेस्टमध्ये विलोपनानं सोडवायला सांगितलं होतं. त्यानं दुसऱ्या पद्धतीनं उत्तर बरोबर काढलं, तरी मार्क कापले.

दुसऱ्या दिवशी ताईनं शाळेच्या ऑफिसात विचारलं की कुठल्या छपाईचं पुस्तक धरायचं. उत्तर मिळालं, "ग्रुप पर डाल दिया है, देख लीजिए." पानाचा फोटो टाका म्हटलं तर "सब बच्चों के पास किताब है." नोकरी करणाऱ्या आयांनी काय करायचं, याचा विचार कुणीच करत नाही. यावर मला अजून राग येतो. असो.

तर वहिनींना हा मेसेज पाठवून ठेवा, म्हणजे रोज सांगावं लागणार नाही:

"वहिनी, प्रश्न फोनवर सांगू नका. पुस्तक ज्याच्याजवळ आहे त्याला पूर्ण पानाचा फोटो काढायला सांगा, चारही कोपरे दिसू देत, प्रश्नावलीचा क्रमांक आणि वरची सूचना येऊ दे. मागच्या पानावर सोडवलेलं उदाहरण असेल तर तेही. आणि त्यानं वहीत जितकं केलंय तेवढ्याचा फोटो."

वरची सूचना लोक हटकून कापतात. "(iii)" एवढाच फोटो येतो, आणि काय काढायचंय ते पहिल्या ओळीत राहून जातं. सोडवलेलं उदाहरण यासाठी की कुठली पद्धत हवी ते तिथे दिसतं. आणि वहीच्या फोटोत गाडी कुठे अडली ते कळतं. माझ्या भाच्याचं निम्म्या वेळा फक्त चिन्ह बदललेलं नसायचं, मग सबंध गणित सोडवून पाठवायची गरजच नसायची.

फोटो खिडकीजवळ, फोन पानाला समांतर धरून, फ्लॅश बंद ठेवून काढायला सांगा. गुळगुळीत कागदावर फ्लॅशचा पांढरा डाग नेमका घातांकावर पडतो. व्हॉट्सअॅपवर पाठवताना HD निवडायचं किंवा Document म्हणून पाठवायचं, नाहीतर बारीक अक्षरं फिसकटतात. वहीवर मुलाचं नाव, रोल नंबर असेल तर ग्रुपवर टाकण्याआधी कापून घ्या.

गणिताचा मजकूर कॉपी-पेस्ट करून मात्र मागू नका. पीडीएफमधून कॉपी केलं की घातांक बऱ्याचदा खाली येऊन बसतात. 2³ × 2⁴ चं 23 × 24 होतं. पहिल्याचं उत्तर 128, दुसऱ्याचं 552. पेस्ट केलेला मजकूर चालतो तो निबंधाच्या विषयाला, उताऱ्याला, पत्रलेखनाला. शाळेचा मेसेजही वहिनींनी आपल्या शब्दांत सांगण्याऐवजी जसाच्या तसा फॉरवर्ड करावा, त्यात तारीखही येते.

पुस्तक शाळेतच राहिलं असेल तर वर्गातल्या मित्राच्या आईकडून फोटो मागवायला सांगा. एनसीईआरटीची पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट मिळतात, पण ती नव्या छपाईची असतात, मुलाकडचं जुनं असेल तर आमच्यासारखंच होईल.

आणि फोटो आलाच नाही, सकाळी वही द्यायची आहे, तर एकच अंदाज धरून पाठवू नका. दोन्ही पाठवा, वर स्पष्ट लिहून: "रेघ 2x + 3 या पूर्ण ओळीखाली असेल तर हे. फक्त 3 खाली असेल तर हे. पुस्तक उघडून बघ आणि त्यातलं एक उतरव." पुस्तक त्याच्यापुढे असतं, रेघ त्याला दिसते.