खुर्ची, नाईट ड्युटी आणि एसी: लाड कुठले, हक्क कुठला

प्रश्न: "पणजीत जुन्या घरात आमचं १८ खोल्यांचं हॉटेल आहे, स्टाफ २२. फ्रंट ऑफिसच्या चौघांपैकी एकाला मल्टिपल स्क्लेरोसिस निघालाय. त्याला काउंटरमागे बसायला हवंय, नाईट नकोय आणि रिसेप्शनला एसी हवाय. बाकीचे तिघे म्हणतात, त्याचेच लाड का? मी नक्की कितपत करायला बांधील आहे?"

तिन्ही मागण्यांचं उत्तर एकच नाही. खुर्ची लगेच द्या, नाईटचं थोडं गणित करावं लागेल, आणि एसी द्यायला बहुधा तुम्ही बांधील नाही. पण एसी नाही म्हटलं की विषय मिटला, असं समजू नका.

आधी हा आजार काय करतो ते बघा, नाहीतर मागण्या हट्टासारख्या वाटतात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मज्जातंतूंवरचं आवरण जागोजाग खराब होतं आणि संदेश नीट पोचत नाहीत. अंगातली उष्णता थोडी जरी वाढली तरी अशा तंतूंचं काम आणखी मंदावतं. पाय जड होतात, नजर धूसर होते, आणि अंग थंड झालं की माणूस बहुतेक वेळा पुन्हा पूर्ववत होतो. त्यामुळे तोच मुलगा सकाळी आठला टवटवीत दिसेल आणि दुपारी दोनला त्याला रजिस्टरमधली ओळ वाचता येणार नाही. बघणाऱ्याला वाटतं, नाटक करतोय. शिवाय या आजारातला थकवा एक झोप काढून जाणारा नसतो.

आता खुर्ची. आपल्याकडच्या हॉटेलांत फ्रंट ऑफिसने उभंच राहायचं ही जुनी पद्धत आहे. तिचं कारण विचारलं तर सांगतात, पाहुण्याशी बोलताना नजर समोरासमोर हवी. मग ते कारण सांभाळून उपाय शोधा. साधी ऑफिसची खुर्ची दिलीत तर तो काउंटरमागे गडप होईल. पाठ असलेलं, पाय टेकायला कडं असलेलं उंच स्टूल आणा. बसल्यावर त्याची नजर उभ्या माणसाएवढीच राहते. तीन-चार हजारांत काम होतं.

तिघांची तक्रार इथेच तपासता येते. लाड म्हणजे कामाची अपेक्षा कमी करणं किंवा कामाशी संबंध नसलेलं काही जास्तीचं देणं. तजवीज म्हणजे अपेक्षा तीच ठेवून मधला अडथळा काढणं. तो स्टुलावर बसून तेवढेच चेक-इन करणार, परदेशी पाहुण्याच्या नोंदीचा सरकारी फॉर्म २४ तासांच्या आत तोच भरणार, शिफ्टच्या शेवटी रोकड तोच जुळवणार. बाकीच्यांना स्टूल मिळालं तर आराम होईल. त्याला मिळालं तर त्याला आठ तास काम करता येईल. (माझं मत विचाराल तर चौघांसाठीही स्टूल ठेवा. उभं राहण्याच्या नियमाने कुणाचंच भलं होत नाही.)

लाड कसा दिसतो तेही सांगतो, कारण मी स्वतः त्यात सामील होतो. मी पूर्वी ज्या हॉटेलात होतो तिथे स्टोअरमध्ये एक कमी ऐकू येणारा मुलगा होता. फोनवर पुरवठादारांशी बोलणं त्याला जमत नसे, म्हणून आम्ही प्रेमाने त्याच्याकडून ऑर्डरचं कामच काढून घेतलं आणि त्याला फक्त माल मोजायला ठेवलं. चूक झाली तरी कुणी बोलत नसे. तीन वर्षं त्याचा पगार जागच्या जागी राहिला, कारण त्याच्या नावावर दाखवण्यासारखं कामच उरलं नव्हतं. शेवटी तो सोडून गेला. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर घेतल्या असत्या तर त्याने सगळं स्टोअर सांभाळलं असतं. हे मला तो गेल्यावर सुचलं, आणि अजून टोचतं.

कायद्याचं थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला. त्याच्या परिशिष्टात मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहे. वाजवी तजवीज, म्हणजे सगळे जिला रीझनेबल अकोमोडेशन म्हणतात ती, त्यात अशी सांगितली आहे: दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क वापरता यावेत म्हणून केलेले आवश्यक आणि योग्य बदल, मात्र त्या विशिष्ट प्रकरणात प्रमाणाबाहेरचा किंवा अवाजवी बोजा न टाकता. तजवीज नाकारणं हाही भेदभावच, असं व्याख्येतच लिहिलं आहे. नोकरीत तजवीज देण्याचा थेट आदेश देणारं कलम २० सरकारी आस्थापनांसाठी आहे, हे खरं. पण त्यावरून "खाजगी हॉटेलला काही लागू नाही" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. भेदभावाची मनाई फक्त सरकारपुरती लिहिलेली नाही, आणि कलम २१ प्रमाणे समान संधी धोरण प्रत्येक आस्थापनेला करावं लागतं. २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनेच्या धोरणात काय काय हवं ते २०१७ च्या नियमांत दिलं आहे, त्यात दिव्यांग कर्मचाऱ्यांची भरती आणि सोयी बघणारा एक लायझन ऑफिसर नेमणंही आलं. तुम्ही २२ आहात. धोरणाची प्रत राज्य दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायची असते.

"त्याच्याकडे ४० टक्क्यांचं सर्टिफिकेट कुठे आहे" असंही कुणी विचारेल. ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या ठरावीक लाभांना आहे, तजविजीला नाही. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ ला हे स्पष्ट केलं. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता आणि त्याला लेखनिक हवा होता. काय तजवीज करायची ते त्या त्या माणसाशी बोलून ठरवायचं, हेही त्याच निकालात आहे.

आता नाईट. इथे बोजा खरोखर मोजावा लागतो, म्हणून कागद घेऊन बसा. तीन शिफ्ट, सात दिवस, म्हणजे आठवड्याला २१ ड्युट्या. चौघेजण सहा दिवस प्रमाणे २४ ड्युट्या देतात, म्हणजे तीन जास्तीच्या उरतात. चार आठवड्यांत २८ रात्री. चौघांत वाटल्या तर प्रत्येकी ७, तिघांत वाटल्या तर साधारण ९. प्रत्येकाच्या वाट्याला चार आठवड्यांत दोन-तीन रात्री वाढतात. हा बोजा आहे, नाही असं मी म्हणणार नाही, आणि तो तुमच्यावर नाही, त्या तिघांवर पडतो. तेव्हा त्यांची कुरकुर झटकून टाकू नका. नाईट अलाउन्स जो रात्र करील त्यालाच जाऊ दे. बदल्यात तो मुलगा रविवारची सकाळ आणि सणावाराची सकाळ घेईल. चतुर्थीच्या दिवसांत सकाळची ड्युटी करायला कुणी तयार नसतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. दुपारची शिफ्ट मात्र उन्हाळ्यात त्याच्या गळ्यात मारू नका. असं जुळवलं की तिघांच्या ड्युट्यांची संख्या तेवढीच राहते, फक्त वेळ बदलते. चौघांच्या डेस्कवर याला अवाजवी बोजा म्हणता येणार नाही.

हेच तुमच्याकडे डेस्कला दोघेच असते तर? मग २८ च्या २८ रात्री एकट्या दुसऱ्यावर, साप्ताहिक सुट्टीसुद्धा नाही. ते चालूच शकत नाही. वेगळा नाईटचा माणूस ठेवायचा तर छोट्या हॉटेलला तो पगार दर महिन्याचा झाला. तिथे "पूर्ण नाईट माफ" ही मागणी नाकारायला कारण आहे. पण त्यानंतरही विचारायला हवं: रात्री दोनला किती पाहुणे येतात? उशिरा येणाऱ्यांची कागदपत्रं आधी मागवून किल्ली वॉचमनकडे ठेवता येईल का? आठवड्याला एकच रात्र, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी, हे त्याला झेपेल का? बोजा ठरतो तो एका विशिष्ट उपायाचा. तो उपाय बाद झाला की पुढचा बघायचा.

आणि मग एसी. जुन्या घरात बहुतेक रिसेप्शन दारापुढच्या बाल्कांवाला लागून, उघडं. तुमचंही तसंच असेल तर तिथे एसी बसवून उपयोग नाही, आधी काचा लावून ती जागा बंद करावी लागेल. घर फोंताइन्यशसारख्या जतन क्षेत्रात असेल तर दर्शनी भागाला हात लावायला परवानगी हवी, आणि घराचं रूपच बदलतं, ज्याच्यासाठी पाहुणे येतात. १८ खोल्यांच्या हॉटेलला हे अवाजवी म्हणायला हरकत नाही. मोठ्या साखळीच्या मालकीचं हॉटेल असतं तर मी एवढ्या सहज म्हटलं नसतं, कारण ऐपत बघताना एका शाखेचा गल्ला नव्हे, सगळ्या संस्थेची ताकद बघायची असते. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारावर त्यांच्या समितीने २०१८ मध्ये केलेल्या भाष्यात तसंच सांगितलं आहे. बोजा अवाजवी आहे हे दाखवण्याची जबाबदारीही मालकावरच टाकली आहे.

पण त्याला एसी हवा होता कशासाठी? अंग थंड राहावं म्हणून. मग पहिलं त्याचं ब्लेझर काढा. मे महिन्यात टाय-ब्लेझर घालून उघड्या रिसेप्शनवर उभं करणं हाच त्याच्यासमोरचा सर्वात मोठा अडथळा असेल, आणि तो हटवायला एक रुपया लागत नाही. सुती अर्ध्या बाह्यांचा शर्ट, छातीवर नावाची पट्टी. काउंटरमागे मोठा पंखा, हाताशी गार पाणी. मागच्या अकाउंट्सच्या खोलीत एसी असेलच, तर दर तासाला दहा मिनिटं तिथे बसू दे. रिझर्व्हेशनच्या ईमेलची उत्तरं तो तिथूनच देईल, म्हणजे ती दहा मिनिटंही वाया जात नाहीत. मार्च ते मे त्याला सकाळची शिफ्ट द्या.

हे ठरवण्याआधी त्याच्याशी बसून बोला. पंख्याने भागतं की नाही ते त्यालाच माहीत. ठरलं ते एका पानावर लिहा: काय मागितलं, काय दिलं, काय नाकारलं, नाकारताना कोणता हिशेब केला, त्याऐवजी काय दिलं. उद्या आयुक्तांपर्यंत गेलं तर "परवडत नाही" या दोन शब्दांपेक्षा रोस्टर आणि काचकामाचं कोटेशन कामाला येतं. तिघांना आजाराचं नाव त्याच्या परवानगीशिवाय सांगू नका. "त्याच्या ड्युटीत वैद्यकीय कारणाने बदल आहे, कामाचं मोजमाप सगळ्यांना एकच" एवढं पुरे. आणि तीन महिन्यांनी ते पान पुन्हा काढा. हा आजार एका जागी थांबत नाही. पावसाळ्यात त्याला दुपारची शिफ्ट चालेलही, किंवा स्टूल असूनही पाय साथ देणार नाहीत. तेव्हा रिझर्व्हेशनच्या टेबलावर त्याला कायमचं नेता येईल का, याचा विचार आतापासून करून ठेवा.