एलसीतला युझन्स, निगोशिएशन आणि डिस्क्रिपन्सी

प्रश्न: पहिल्यांदाच परदेशातून माल मागवतोय. एलसीच्या मसुद्यात 90 दिवसांचा युझन्स आणि निगोशिएशन असं लिहिलंय. बँकवाले डिस्क्रिपन्सीबद्दलही काही सांगत होते. मला यातलं नेमकं काय समजून घ्यायला हवं?

उत्तर:

एलसी म्हणजे ठरलेले कागद आले की विक्रेत्याला पैसे द्यायची तुमच्या बँकेची लेखी हमी. यात बँक माल बघत नाही, कागद बघते. बहुतेक एलसी ज्या नियमांखाली उघडल्या जातात, त्या यूसीपी 600 मध्ये (2007 पासून लागू) हे स्पष्टच लिहिलेलं आहे. पुढचं सगळं यावरूनच उलगडतं.

युझन्स म्हणजे उधारीची मुदत. पण फक्त '90 दिवस' वाचून थांबू नका, ते कधीपासून मोजायचे ते बघा. समजा, बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल चढवल्यावर जहाज कंपनी देते त्या कागदाची, तारीख 10 मार्च आहे आणि कागद तुमच्या बँकेत 28 मार्चला पोचले. मुदत बिल ऑफ लेडिंगच्या तारखेपासून असेल तर 10 मार्च धरायचा नाही, 11 ला पहिला दिवस, आणि पैसे 8 जूनला द्यावे लागतील. तीच मुदत कागद बँकेला मिळाल्यापासून असेल आणि त्यांत काही चूक नसेल, तर 26 जूनला. माल विकून पैसे उभे करायचे असतील तर हे 18 दिवस फार मोठे असतात. त्या मुदतीचं व्याज कोणाच्या माथी, हेही एलसीतच लिहून घ्या.

निगोशिएशन हा शब्द ऐकून भाव ठरवणं डोळ्यांसमोर येतं. इथे त्याचा तसा काही संबंध नाही. एलसीने नेमलेली बँक, बहुधा विक्रेत्याच्या देशातली, कागद तपासून ते विकत घेते, म्हणजे तुमच्या बँकेकडून पैसे येण्याआधीच विक्रेत्याला रक्कम देते किंवा द्यायचं कबूल करते. तुम्हाला 90 दिवस उधारी आणि विक्रेत्याला पैसे आधी, हे असं जमतं. त्याचा तुमच्यावरचा परिणाम मात्र नीट समजून घ्या. त्या बँकेने बरोबर असलेले कागद प्रामाणिकपणे घेतले असतील, तर मुदत भरल्यावर तुमच्या बँकेला तिला पैसे द्यावेच लागतात. माल निकृष्ट निघाला तरी विक्रेत्याशी भांडण वेगळं लढायचं. म्हणून दर्जाची काळजी असेल तर माल चढवण्याआधीच्या तपासणीचं प्रमाणपत्र एलसीच्या कागदांत मागा. ते देणाऱ्या संस्थेचं नाव आणि त्यात काय लिहिलेलं असावं, दोन्ही घाला. नाहीतर कोणीही दिलेला कसाही कागद चालून जातो.

आता डिस्क्रिपन्सी, म्हणजे एलसीच्या अटी आणि आलेले कागद यांत तफावत. वरच्याच उदाहरणात माल चढवायची शेवटची तारीख 5 मार्च होती असं धरा. बिल ऑफ लेडिंग 10 मार्चचं, म्हणजे उशिरा चढवलेला माल. तुमच्या बँकेला कागद आल्यानंतर जास्तीत जास्त पाच बँक-दिवस असतात. नाकारायचे असतील तर तेवढ्यात सगळ्या तफावती एकाच नोटिशीत कळवाव्या लागतात, नाहीतर तो हक्क जातो. मधल्या काळात बँक तुम्हाला विचारू शकते की तफावत मान्य आहे का. तुमच्या मान्यतेला वेव्हर म्हणतात. ती तुम्ही दिलीत तरी शेवटचा निर्णय बँकेचा.

माझ्या पहिल्या व्यवहारात अगदी हेच झालं. बँकेतून फोन आला, माल बंदराला लागायच्या बेतात होता, आणि मी त्याच दिवशी लेखी मान्यता देऊन टाकली. विक्रेत्याला एक फोन केला असता तर उशिरापोटी भावात सूट मागता आली असती, कारण मी मान्यता देईपर्यंत पैसे अडकले होते त्याचे. मान्यता दिल्यावर माझ्या हातात काहीच उरलं नाही. त्या चुकीची हळहळ मला अजून आहे, म्हणून तुम्हाला सांगतोय. तफावत कळली की आधी विक्रेत्याशी बोला, ठरेल ते लेखी घ्या आणि मगच सही करा. पण फार ताणूही नका. मूळ बिल ऑफ लेडिंगशिवाय माल सुटत नाही आणि बंदरावरचं भाडं रोज चढत राहतं.

आणखी एक गोष्ट. माल कागदांआधी पोचला तर बँक जहाज कंपनीला शिपिंग गॅरंटी, म्हणजे मूळ बिल ऑफ लेडिंग नंतर देऊ अशी हमी, देऊन तो सोडवून देते. त्या अर्जावर सही करताना पुढे येणारे कागद कसेही असले तरी मी स्वीकारीन, असं साधारणपणे लिहून द्यावं लागतं. म्हणजे तफावत सापडण्याआधीच तुमचा नकाराचा हक्क संपतो. त्यामुळे ती गॅरंटी मागण्याआधी विक्रेत्याकडून सगळ्या कागदांच्या प्रती मेलवर मागवून घ्या आणि तारखा, वजनं, मालाचं वर्णन एलसीशी ओळीओळीने जुळवून बघा.