सोयाबीनचा वाटा वाढला, पण आवक घटली

प्रश्न: दादा, पाय चार्ट आणि लाईन ग्राफ एकत्र आले की माझं गणित चुकतंच. टक्के बरोबर वाचतो, तरी उत्तर पर्यायात सापडत नाही. कुठं चुकत असेल?

टक्के वाचून झाले की एक गोष्ट लिहायची राहते: हे टक्के कशाचे? आपल्याकडच्या मोंढ्याचं, आकडे माझ्या मनाचे घेऊन, एक उदाहरण सोडवून दाखवतो.

लाईन ग्राफमध्ये मोंढ्यातली एकूण आवक आहे: ऑक्टोबरात 60 हजार क्विंटल, नोव्हेंबरात 48 हजार. दोन पाय चार्टमध्ये मालाचे वाटे आहेत. सोयाबीन ऑक्टोबरात 50 टक्के, नोव्हेंबरात 60 टक्के. प्रश्न असा: सोयाबीनची आवक किती टक्क्यांनी बदलली?

बरीच मुलं इथं 50 चे 60 झाले म्हणून '20 टक्के वाढ' लिहितात, आणि तो पर्याय मुद्दाम ठेवलेलाच असतो. पण दोन्ही वर्तुळं सारखी दिसत असली, तरी पहिलं आख्खं वर्तुळ म्हणजे 60 हजार आणि दुसरं म्हणजे 48 हजार. म्हणून पेन हातात घेतलं की आधी प्रत्येक वर्तुळाच्या मधोमध त्याची एकूण संख्या लिही. मग ऑक्टोबरचं सोयाबीन 60 चं निम्मं, म्हणजे 30 हजार. नोव्हेंबरचं 48 चे 60 टक्के: निम्मे 24, त्यात दहा टक्क्यांचे 4.8, झाले 28.8 हजार. आवक 1,200 क्विंटलनं घटली, म्हणजे 30 हजारांवर 4 टक्के घट. मग वाटा कसा वाढला? मूग-उडदाची आवक तोवर ओसरते, त्यामुळे उरलेल्या मालात सोयाबीन मोठं दिसतं. मोंढ्यात हमाली करणाऱ्याला हे न सांगता कळतं.

वेळ कमी असेल तर हजारांत जायचीही गरज नाही. वाटा 6/5 पट झाला, एकूण 4/5 पट. गुणाकार 24/25, म्हणजे पंचविसात एकाची घट, तीच 4 टक्के.

दोन महिन्यांचा मिळून वाटा विचारला तर 50 आणि 60 ची सरासरी 55 काढू नकोस. 30 आणि 28.8 मिळून 58.8, भागिले 108, म्हणजे साधारण 54.4 टक्के. ऑक्टोबरचा ढीग मोठा, म्हणून उत्तर 50 कडे झुकतं. पर्यायात 55 आणि 54.4 दोन्ही असतील तर आता तुला निवडता येईल.

पाय चार्टमध्ये अंश दिले असतील तर 3.6 नं भाग. उडदाचे 54 अंश म्हणजे 15 टक्के.

लाईन ग्राफचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का, तेही बघ. तो 30 पासून असेल तर 60 वरून 48 वर येताना रेषेची उंची 40 टक्के उतरलेली दिसते, खरी घट मात्र 20 टक्केच. म्हणून रेषेचा उतार डोळ्यानं मोजायचा नाही, बाजूचा आकडा वाचायचा. आणि त्या अक्षावर 'वाढीचा दर' लिहिलेलं असेल तर रेषा खाली आली तरी आवक वाढलेलीच असू शकते. दर 20 वरून 10 टक्क्यांवर आला, तरी 500 चे आधी 600 होतात आणि नंतर 660.