दिवसभर कॉम्प्युटरवर काम करून डोकं बधिर होतं. झाडांत फिरून आलं की ते खरंच ताजं होतं, की नुसतं बरं वाटतं? किती वेळ फिरावं?

खरंच ताजं होतं. नुसत्या बरं वाटण्यावर ते अवलंबून नाही, आणि नेमकं हेच मी आमच्या आधीच्या छापखान्यातल्या साहेबांना सांगून थकले.

मी प्रूफं तपासते. दुपारी चारनंतर शब्द जसा असायला हवा तसाच दिसायला लागतो. समोर 'परिक्षा' छापलेलं असतं आणि डोकं 'परीक्षा' वाचून पुढे जातं. एकच ओळ तिसऱ्यांदा वाचतोय हे लक्षात आलं की मी उठायचे आणि लॉ कॉलेजच्या टेकडीवर चक्कर मारून यायचे. साहेब म्हणायचे, "विश्रांतीच हवी तर इथे पंख्याखाली बसा, मोबाइल बघा. टेकडीवर जाणं म्हणजे मौज झाली."

मोबाइलने ती विश्रांती मिळत नाही. मिशिगन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रेचल आणि स्टीफन कॅपलन यांची मांडणी अशी, की लक्ष ओढून लावताना बाकीचं सगळं दाबून ठेवावं लागतं आणि ते दाबणंच थकतं. हलणारी पानं, सरकणारे ढग नजर खेचतात, पण मन पूर्ण व्यापत नाहीत, म्हणून दाबणाऱ्या यंत्रणेला सुट्टी मिळते. मोबाइल मनाला जागाच ठेवत नाही. रहदारीत तर जीव सांभाळायला तीच यंत्रणा पुन्हा जुंपावी लागते.

आता मौजेचं. 2008 साली बर्मन, जॉनिडीस आणि स्टीफन कॅपलन यांनी अमेरिकेतल्या ॲन आर्बर शहरात 38 जणांना आधी दमवणारं काम दिलं आणि मग सुमारे 50 मिनिटं चालायला पाठवलं, एकदा झाडांच्या उद्यानात, एकदा शहरातल्या वाहत्या रस्त्याने. आकडे ऐकून उलट क्रमाने सांगायची चाचणी चालण्याआधी आणि नंतर घेतली. उद्यानातून आल्यावर सुधारणा स्पष्ट होती, रस्त्याने आल्यावर जेमतेम. काही जण ऐन जानेवारीच्या थंडीत चालले. त्यांना चालणं फारसं आवडलं नाही, तरी फायदा तेवढाच झाला. मन किती खूश झालं याचा आकड्यांशी मेळ बसला नाही. साहेबांनी हे एकदा वाचायला हवं होतं. किती वेळ फिरावं म्हणाल, तर या प्रयोगातली सुमारे 50 मिनिटं धरून चाला.

अर्थात 38 माणसं म्हणजे फार नाहीत. नंतरच्या प्रयोगांत सगळ्याच चाचण्यांत फरक दिसला असंही नाही. झोप अपुरी असेल तर आधी झोपा. आणि जिथे कुत्र्यांची किंवा एकटेपणाची धास्ती वाटते तिथे जाऊ नका, सावध राहण्यातही तेच लक्ष खर्च होतं. कानात फोन लावून फिरणार असाल तर टेकडी चढायचे कष्ट कशाला घेता? आणि तुमचे साहेब मौज म्हणाले, तर परत आल्यावर त्यांच्यासमोरच एक पान तपासून दाखवा.