लिंक्डइनवर १८० सर्च, ५२ व्ह्यू आणि मेसेज शून्य

"मॅडम, लिंक्डइनवर आठवड्याला १८० वेळा सर्चमधे येतोय, ५२ जणांनी प्रोफाइल बघितलंय, तरी एकाही एचआरचा मेसेज नाही. आता नेमकं काय बदलू? फोटो, हेडलाइन, का सगळंच?"

मुलगा मूळचा जळगावकडचा, वय २९, चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीमधे. माझ्याकडे आला तेव्हा मोबाईल उघडूनच बसला होता, स्क्रीनशॉट तयार. मी आधी दहा-बारा वर्षं रिक्रूटमेंटमधे काढलीयेत, त्यामुळे आकडे बघितले की माझा हात आधी कॅल्क्युलेटरकडे जातो.

पहिला घोळ तिथेच होता. तो ५२ भागिले १८० करून खूश होता, म्हणजे जवळजवळ तीस टक्के लोक आपलं प्रोफाइल उघडतायत असं त्याला वाटत होतं. अरे पण सर्चचा आकडा असतो गेल्या एका आठवड्याचा, आणि व्ह्यूजचा मोठा आकडा असतो ९० दिवसांचा! ५२ ला साधारण १३ आठवड्यांनी भागलं तर आठवड्याला येतात चार. १८० मधे चार, म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपास, आणि त्या चारातले पण सगळे सर्चमधून आलेले नसतात, कोणी कॉलेजचा मित्र असतो, कोणी आपणच ज्याचं प्रोफाइल बघितलं तो उलटा बघायला येतो. चेहरा पडला त्याचा, पण निदान आता कळलं की गळती कुठे आहे. लोकांना तो यादीत दिसतोय आणि ते पुढे जातायत.

मग मी त्याला म्हटलं, त्या १८० वर बोट ठेव आणि आत जा, कारण खरी गंमत आत असते. शोधणारे कुठल्या कंपन्यांतले, कुठल्या हुद्द्याचे, हे तिथे दिसतं. (आता बऱ्याच जणांना त्याच आकड्यात पोस्ट आणि कमेंटमधे दिसणं पण मोजून येतं, त्याची फोड खाली असते, तुम्ही सर्चची ओळ तेवढी बघा.) ह्याच्याकडे कोण होतं? सेल्स मॅनेजर, बँकेतले रिलेशनशिपवाले, इन्शुरन्सवाले. क्वालिटीतलं एक माणूस नाही, ऑटोची एक कंपनी नाही.

कारण अगदी साधं निघालं. त्याचं ऑफिशियल डेजिग्नेशन "असिस्टंट मॅनेजर", आणि हेडलाइन आपण लिहिली नाही तर सध्याचा हुद्दा आणि कंपनी हेच तिथे येतं. असिस्टंट मॅनेजर काय, बँकेतही असतो, मॉलमधेही असतो. रिक्रूटर सर्च कसा करतो माहितीये का, त्याच्यासमोर कंपनीने पाठवलेला जेडी, म्हणजे त्या नोकरीच्या कामाचं वर्णन, असतो आणि त्यातले शब्द तो जसेच्या तसे टाकतो. ह्याच्या कामात ते शब्द म्हणजे पीपॅप, एपीक्यूपी, आयएटीएफ १६९४९, सप्लायर क्वालिटी. हा मुलगा रोज व्हेंडरकडे जाऊन पीपॅपच्या फायली तपासतो आणि अख्ख्या प्रोफाइलवर तो शब्द एकदाही नाही! अबाउटमधे मात्र "पॅशनेट प्रोफेशनल" दोनदा. ते शोधायला कोणी बसत नाही हो.

मग हेडलाइन अशी केली:

```
Supplier Quality Engineer | PPAP, APQP, IATF 16949 | Auto Components
```

हेडलाइनला २२० अक्षरं मिळतात, पण मोबाईलवर यादीत दिसतं ते पहिलं थोडंसंच, म्हणून कामाचं सगळ्यात पुढे. एक्स्पीरियन्समधे हुद्दा बदलला नाही, तो खोटा लिहायचा नाहीच, उद्या व्हेरिफिकेशनमधे अडकतं, फक्त पुढे डॅश देऊन "Supplier Quality" जोडलं. त्या दिवशी बाकी कशालाही हात लावू दिला नाही. फोटो पण बदलायचा होता त्याला, मी म्हटलं थांब, दोन्ही एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कसं कळणार?

दोन आठवड्यांनी रात्री साडेनऊला फोन. "मॅडम, वाट लागली, १८० चे ६४ झाले, जुनी हेडलाइन परत टाकू का?" म्हटलं आधी आत जाऊन बघ कोण आहेत. तर ह्या वेळी यादीत टॅलेंट अ‍ॅक्विझिशनवाले, क्वालिटी मॅनेजर, परचेसवाले. सेल्सची जत्रा निघून गेली होती म्हणून आकडा उतरला, आणि तो तसाच उतरायला हवा होता. त्याने प्रीमियमची महिनाभराची फुकट ट्रायल घेतली होती म्हणून व्ह्यूअर्सची पूर्ण यादी दिसत होती, फुकट अकाउंटला शेवटचे मोजकेच दिसतात. मोजले तर आठवड्याला आठ-नऊ, त्यातले तीन रिक्रूटर. आधी चार, आता नऊ ह्यावर मी काही फार नाचले नाही, एवढ्या छोट्या आकड्यात दोन-तीन इकडेतिकडे नुसते नशिबाने पण होतात, चार आठवड्यांची बेरीज केल्याशिवाय मी बोलतच नाही. पण रिक्रूटर शून्याचे तीन झाले, हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं.

मधे एका आठवड्यात व्ह्यूज एकदम २६ झाले आणि साहेब हवेत. यादी बघितली तर सगळे कॉलेजचे, कारण कोणाच्या तरी लग्नाच्या पोस्टवर ह्याने कमेंट केली होती 😄 तो आठवडा आम्ही वहीत गोल करून सोडून दिला. वही म्हणजे साधी, तारीख, सर्च, व्ह्यूज, त्यातले रिक्रूटर किती आणि त्या आठवड्यात काय बदललं. दिवाळीचा आठवडा पण असाच सोडायचा, तेव्हा एचआरच सुट्टीवर असतात.

तरी ६४ मला कमीच वाटत होते, पुण्यात ह्या कामाला मागणी एवढी कमी नाही. मग सगळं प्रोफाइल वरपासून वाचलं आणि सापडलं. लोकेशन अजून जळगाव! कॉलेजात असताना अकाउंट उघडलेलं, नंतर कोणी बघतंय कशाला. रिक्रूटरने पुणे फिल्टर लावला की हा यादीत येणारच नाही, हेडलाइन कितीही छान असू दे. पुणे केलं, तिसऱ्या आठवड्यापर्यंत सर्च ११० च्या आसपास गेले, आणि माणसं तीच हवी तशी. मागच्या १८० पेक्षा हे ११० मला कितीतरी आवडले.

आता राहिली शेवटची पायरी, उघडतायत पण लिहीत नाहीत. इथे आकडे फारसं सांगत नाहीत, इथे रिक्रूटरच्या जागी बसून वाचावं लागतं. अबाउटच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकी "सी मोर" दाबल्यावर, आणि ह्याच्या त्या ओळींत पॅशन सोडून काही नव्हतं. तिथे लिहिलं की किती व्हेंडर सांभाळतो, कास्टिंग आणि मशीनिंगचे पार्ट्स, रिजेक्शन कुठून कुठे आणलं. ओपन टू वर्क चालू केलं ते फक्त रिक्रूटर्ससाठी, हिरवी रिंग नको म्हणाला, बॉस कनेक्शनमधे आहे. मी त्याला स्पष्ट सांगितलं की तेही शंभर टक्के गुपित राहील अशी खात्री लिंक्डइन देत नाही, आपल्या कंपनीच्या रिक्रूटर्सपासून लपवायचा प्रयत्न करतात एवढंच. विचार करून चालू केलं त्याने.

पुढच्या महिन्यात तीन मेसेज आले. एक बंगलोरचा होता, नको म्हणाला. दुसरीने पगार विचारून पुढे काही कळवलंच नाही. तिसऱ्याने पहिलाच प्रश्न नोटिस पिरियडचा विचारला, ह्याचा ९० दिवसांचा आहे आणि त्यांना ३० मधे माणूस हवाय. शनिवारी आत्ताच्या कंपनीचं अपॉइंटमेंट लेटर घेऊन येतोय, बायआउटचा, म्हणजे उरलेल्या नोटिसचे पैसे भरून लवकर निघायचा, क्लॉज आहे का ते बघायचंय.